चौदा अकरापेक्षा कमी असतात

आमच्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी हिशेबाला माणूस अजून जुन्या नगरचाच आहे. तो फसत नाही. निदान फसल्याचं कबूल करत नाही. कोथिंबिरीची जुडी दहाला सांगितली की तो पंधराला दोन मागतो. उसाच्या काट्यावर पंचवीस किलोचा फरक त्याला नुसत्या ट्रॉलीच्या टायरांकडे बघून कळतो. कांद्याच्या लिलावात दोन रुपयांसाठी तो आडत्याशी असा भांडतो की शेजारच्या गाळ्यातले लोक सोडवायला येतात. पण हाच माणूस दुचाकीच्या शोरूममध्ये शिरला, एसीची गार हवा लागली आणि कुणी 'सर' म्हणालं, की त्याच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो.

"हप्ता किती बसंल?"

किंमत किती, व्याज किती, कागदाचे किती, यातलं काही नाही. हप्ता. तो खिशाला झेपला की गाडी आपली.

आमचे दाजी याच वाणाचे. राहुरी तालुक्यात चार एकर ऊस, भाच्याला कॉलेजला जायला गाडी पाहिजे, पाडवा जवळ आलेला. मी जिल्ह्याच्या गावाला राहतो आणि सरकारी कचेरीत हिशेब विभागात आहे, म्हणून घरातले सगळे आर्थिक व्यवहार माझ्या सल्ल्यानं होतात. म्हणजे व्यवहार ठरल्यावर मला बोलावून चहा देतात. कचेरीत मी प्रवासभत्त्याची बिलं तपासतो. त्यात व्याज कुठंच येत नाही, पण हे मी घरी कधी सांगितलेलं नाही.

शोरूममध्ये भाचा आधीच गाडीवर बसलेला होता आणि काळी घ्यावी की निळी, या प्रश्नानं त्याचा चेहरा परीक्षेत दिसतो त्यापेक्षा गंभीर झाला होता. रस्त्यावर आणायची किंमत १,०२,००० रुपये. दाजींनी तीस हजार रोख आणले होते. राहिले ७२,०००. तेवढ्यासाठी फायनान्सचा पोरगा हजर झाला. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाईल आणि एक मोठ्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर, जो तो प्रत्येक बेरजेनंतर आमच्याकडे वळवून दाखवायचा. सफाई इतकी की लग्नात आहेर दाखवणाऱ्या बायकांनी शिकवणी लावावी.

"अकरा टक्के सर. फ्लॅट."

"फ्लॅट म्हणजे?" मी विचारलं.

"फ्लॅट म्हणजे सरळ. त्यात काही लपवाछपवी नाही. तीन वर्षं, हप्ता फक्त २,६६०. रोजचे नव्वद रुपयेसुद्धा पडत नाहीत. दोन चहा आणि दोन वडापाव कमी केले की गाडी फुकट."

दाजी शोरूममध्ये येण्याआधीच रस्त्यावर दोन वडापाव खाऊन आले होते. त्यांनी ओशाळून तोंड पुसलं.

पोराचा हिशेब खरोखरच सरळ होता. ७२,००० वर अकरा टक्क्यांनी वर्षाचे ७,९२०. तीन वर्षांचे २३,७६०. मुद्दल आणि व्याज मिळून ९५,७६०. भागिले ३६, बरोबर २,६६०, पैचाही फरक नाही. मी कागदावर करून पाहिलं, जमलं, आणि मला त्या पोराविषयी आदर वाटला. घरी येऊन जेवताना मात्र घास अडला. हे व्याज ७२,००० वर धरलंय, तीन वर्षं. पण ७२,००० आपल्याकडे तीन वर्षं असतात कुठं? पहिला हप्ता भरला की मुद्दल कमी व्हायला लागतं. शेवटच्या महिन्यात जेमतेम अडीच-पावणेतीन हजारांचं देणं उरलेलं असतं, आणि व्याज तेव्हाही ७२,००० वर चालूच.

हे दाजींना कसं सांगायचं? मी फोन लावला. "दाजी, समजा शेजाऱ्याकडनं छत्तीस पोती ज्वारी उसनी आणली. दर महिन्याला एक पोतं परत करायचं आणि उरलेल्या पोत्यांवर त्याला काहीतरी द्यायचं. पस्तीस पोती परत केली, एक उरलं, तरी शेजारी म्हणतो की छत्तीस पोत्यांचं द्या. चालंल?"

"एवढी ज्वारी आपण कशाला आणू?" दाजी म्हणाले. "आपल्याकडं ऊस आहे."

मग मी ठरवलं की या अकराचा खरा आकडा काढायचाच, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज लावलं तर तोच २,६६० चा हप्ता वर्षाला किती टक्क्यांनी बसतो ते. आणि इथून माझ्या घरातली शांतता संपली.

पहिला सल्ला मिळाला शेजारच्या काकांचा. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि निवृत्त बँकवाल्याइतका मोकळा वेळ जगात कुणालाच नसतो. ते म्हणाले, "सोपंय. दुप्पट कर." का, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याच वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडलं. दर महिन्याला मुद्दल सारखं दोन-दोन हजारांनी उतरतं असं धर. पहिल्या महिन्यात ७२,०००, शेवटच्या महिन्यात २,०००. सरासरी झाली ३७,०००. म्हणजे तुझ्याकडे तीन वर्षं सरासरीनं ३७,००० होते आणि वर्षाला व्याज दिलंस ७,९२०. सुमारे साडेएकवीस टक्के झाले की नाही?

मी चाट पडलो. काकांनी तेवढ्यात माझा चहाही पिऊन टाकला.

पण काकांचा आकडा थोडा चढा होता, आणि हे मला माझ्या पुतणीनं दाखवलं. ती बारावीला आहे आणि घरात कुणी चुकलं की तिला मनापासून आनंद होतो. मुद्दल सारखं दोन हजारांनी उतरतच नाही, असं तिचं म्हणणं. हप्ता सारखा असतो, पण सुरुवातीला देणं मोठं म्हणून हप्त्यातला मोठा घास व्याज खातं आणि मुद्दलाच्या वाट्याला कमी येतं. शेवटी शेवटी उलटं होतं. म्हणजे मुद्दल आधी हळूहळू उतरतं आणि नंतर भराभरा. त्यामुळे सरासरी देणं ३७,००० नाही, चाळीस हजारांच्या थोडं वर निघतं आणि दर काकांच्या दरापेक्षा खाली येतो.

"मग बरोबर किती?"

"ते सूत्रानं थेट निघत नाही. अंदाजानं दर धरायचा, हप्ता काढायचा, जास्त आला तर दर कमी करायचा. नाहीतर काकू वापरतात त्या लॅपटॉपवर एक्सेल आहे."

काकू म्हणजे माझी पत्नी. ती लॅपटॉपवर भिशीचा हिशेब ठेवते, आणि त्या भिशीत आजवर एका रुपयाचाही घोळ झालेला नाही. मी बसलो आणि पुतणीनं सांगितलं तसं टाइप केलं: महिने ३६, हप्ता २,६६०, कर्ज ७२,०००. एक्सेलनं उत्तर दिलं:

```
#NUM!
```

मी पुन्हा टाइप केलं, आधीपेक्षा जोरात. तेच. मला वाटलं फायनान्स कंपनीनं एक्सेलवाल्यांनाही आपल्या बाजूनं वळवलंय. पत्नी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "हप्त्याच्या आधी उणे टाका. पैसे आपल्याकडनं जातायत ना? एकदा येतात आणि मग जातात, हे त्याला कळायला नको?" तिनं पिठाच्या बोटानं स्वतःच उणे टाकलं.

```
=RATE(36,-2660,72000)*12
```

उत्तर आलं ०.१९५७. म्हणजे १९.५७ टक्के. RATE महिन्याचा दर देतं, तो १.६३ टक्के, त्याला बारानं गुणलं. अकरा टक्क्यांची गाडी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर साडेएकोणीस टक्क्यांची झाली आणि त्यावर थोडं पीठही सांडलं.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी दुप्पट म्हटलं होतं. तू जरा कमी काढलंस." निवृत्त माणसाचं उत्तर चुकत नाही, तुमचं कमी-जास्त होतं. तरीही काकांचा मान राखून सांगतो की एक ते तीन वर्षांच्या मासिक हप्त्याच्या कर्जाला दहा-बारा टक्क्यांच्या आसपासचा फ्लॅट दर असेल, तर पावणेदोनपट करून वर चिमूटभर टाकावं, आकडा जवळपास येतो. दर पाच-सहा असेल तर दुपटीकडे सरकायचं, पंधरा असेल तर चिमूट टाकायची नाही. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीला हे तोंडी जमलं असतं. आम्हाला लॅपटॉप लागतो, आणि लॅपटॉप उघडायला पासवर्ड लागतो, तो पत्नीकडं असतो.

दुसऱ्या दिवशी मी शोरूममध्ये एकटाच गेलो आणि पोराला म्हटलं, "हप्त्यांचा तक्ता दाखव." म्हणजे कुठल्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, ते सांगणारा कागद. त्यानं जरा वेळ मोबाईल चाळला, मग दुसरा मोबाईल चाळला, मग आत गेला, आणि अखेर छापील पान घेऊन आला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: हप्ता २,६६०, व्याज १,१७४, मुद्दल १,४८६.

मी ते पान हातात धरून तिथल्या स्टुलावरच बसलो. कारण सरळ हिशेबानं महिन्याचं व्याज व्हायला हवं होतं २३,७६० भागिले ३६, म्हणजे ६६०. इथं लिहिलंय १,१७४.

"हे ६६० चं १,१७४ कसं झालं?"

"सिस्टीम काढते सर."

सिस्टीमला काय ते बरोबर माहीत होतं. तिनं पहिल्या महिन्याचं व्याज पूर्ण ७२,००० वर खऱ्या दरानं लावलं होतं. १,१७४ ला बारानं गुणा, १४,०८८. त्याला ७२,००० नं भागा. एकोणीस पूर्णांक सत्तावन्न. एक्सेल नको, उणे नको, पुतणी नको, काका तर नकोतच. तक्त्यातल्या पहिल्या ओळीतलं व्याज बारापट करून कर्जाच्या रकमेनं भागलं, की बोलायचा दर आणि मोजायचा दर यांतलं अंतर शोरूममध्ये उभ्याउभ्या कळतं. अट एकच, पहिला हप्ता कर्ज दिल्यापासून बरोबर महिन्यानं असावा. कर्ज वीस तारखेला आणि हप्ता पाचला असेल तर पहिल्या ओळीत वाढीव किंवा तुटके दिवस घुसतात, तेव्हा दुसरी ओळ घ्यायची आणि त्या ओळीच्या आधी शिल्लक असलेल्या मुद्दलानं भागायचं.

तोच तक्ता दाजींना दाखवायला मी राहुरीला गेलो. दाजींचा बेत वेगळाच होता. "हे बघ, दीड वर्षानं उसाचं बिल येईल तेव्हा अर्धं राहिलेलं एकरकमी फेडून टाकू. छत्तीसातले अठरा हप्ते गेले म्हणजे छत्तीस हजार राहिले. बरोबर?"

मी तक्त्याच्या अठराव्या ओळीवर बोट ठेवलं. तोवर ४७,८८० रुपये भरून झालेले असणार होते आणि मुद्दल शिल्लक होतं ४१,२०४. दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच. त्यांनी कागद उलटा करून मागंही बघितलं.

"अन् मुदतीआधी फेडण्याचा दंड वेगळा," मी म्हटलं.

"लवकर दिले म्हणून दंड?" दाजी बराच वेळ गप्प बसले. कारखान्याकडून बिल उशिरा आलं तरी कारखान्याला काही होत नाही, आणि आपण लवकर दिलं तर दंड, हा मुद्दा त्यांना तिथंच गोठ्याजवळ सुचला आणि पुढचा अर्धा तास कर्ज बाजूला राहून आमचं सहकारावर बोलणं झालं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, तिथं हा विषय एकदा निघाला की चहाच्या दोन फेऱ्या होतात.

खरी मजा त्यानंतर झाली. मी एका बँकेत चौकशी करून आलो होतो. त्यांचा दर चौदा टक्के, पण घटत्या शिलकीवर. म्हणजे जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच. तीच रक्कम, तीच तीन वर्षं, हप्ता साधारण २,४६१. महिन्याला सुमारे दोनशे रुपये वाचत होते आणि तीन वर्षांत सात हजारांवर.

दाजींनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "चौदा कशाला? अकरानं मिळतंय ना."

"दाजी, ते अकरा म्हणजे साडेएकोणीस."

"कागदावर अकरा लिहिलंय."

"पण हप्ता बघा. इकडं २,६६०, तिकडं २,४६१."

"हप्ता कमी आहे ते कबूल," दाजी म्हणाले. "पण टक्का जास्त आहे. मी चार माणसांत काय सांगू, चौदानं घेतली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो माणूस जन्मभर नुसता हप्ता विचारत आला, त्यानं आज पहिल्यांदा टक्का विचारला होता, आणि तोही नेमका नको तिथं. मी चिडून म्हटलं, "दाजी, इथं चौदा अकरापेक्षा कमी आहेत." ताई आतून बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून गेली.

सोडवणूक आईनं केली. आई ऐंशीच्या घरातली, दाजींकडंच राहायला आलेली. तिला टक्का कळत नाही, तिला शेकडा कळतो. दर महिन्याला शंभराला किती रुपये, एवढंच तिचं माप. तिनं विचारलं, "शेकडा किती पडतो ते सांग."

मी तिला पूर्ण हिशेब सांगितला, कारण तोवर आणखी दोन गोष्टी उघड झाल्या होत्या. पहिली, पोरानं प्रोसेसिंग आणि कागदपत्रांचे मिळून दोन हजार आधीच कापून घेणार म्हणून सांगितलं होतं. दुसरी, पहिला हप्ता गाडी नेतानाच द्यायचा होता. त्याला ते ॲडव्हान्स म्हणत होते आणि जणू आपल्यावर उपकार करतोय अशा सुरात म्हणत होते. "एक हप्ता मिटलाच सर!" मिटला कसला? ७२,००० चं कर्ज लिहायचं, त्यातले दोन हजार त्यांनीच ठेवायचे, २,६६० त्याच दिवशी परत घ्यायचे. आपल्या हाती पडतात ६७,३४०. त्यावर पस्तीस हप्ते.

```
=RATE(35,-2660,67340)*12
```

यावेळी उणे मी स्वतः टाकलं. उत्तर तेवीस टक्के. महिन्याला १.९२.

"म्हणजे शेकडा एक रुपया ब्याण्णव पैसे," मी आईला म्हटलं.

"दोन रुपये शेकडा," आई म्हणाली. आठ पैसे तिनं आमच्या वतीनं सावकाराला सोडून दिले. "तुझ्या आज्यानं विहिरीला काढले होते तेव्हा हाच भाव होता. पण तो सावकार चहा पाजायचा."

दाजी एकदम ताठ बसले. तेवीस टक्के ऐकून त्यांना काही झालं नव्हतं. 'दोन रुपये शेकडा' म्हटल्यावर मात्र त्यांच्या तीन पिढ्या जाग्या झाल्या. हे आमच्या भागाच्या रक्तात आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि ते लोण बघता बघता आपल्या श्रीगोंदा-पारनेरकडे पोचलं. त्या लोकांना सोनंनाणं फारसं नको होतं, त्यांना पाहिजे होते कागद. रोखे आणि खतं. हाती लागली की जाळायची. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. खतावर लिहिलेल्या आकड्याच्या मागं जाऊन मूळ दिले किती, हे कोर्टानं तपासायचं, आणि सावकारानं पावती आणि हिशेब लिहून द्यायचा, असं त्यात होतं. आज दाजींना जाळायचं म्हटलं तरी पंचाईत, कारण कागद मोबाईलमध्ये असतो आणि मोबाईल भाच्याचा असतो.

हिशेब लिहून द्यायचा कायदा आताही आहे, आणि तो मला शोधाशोधीच्या अगदी शेवटी कळला याचं वाईट वाटतं. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना एक विवरणपत्र सक्तीचं केलंय, केएफएस म्हणतात त्याला. बँक असो वा फायनान्स कंपनी, सही घेण्याआधी ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत द्यायचं. त्यात एपीआर नावाची एक ओळ असते. व्याज आणि कर्जाला चिकटलेले सगळे खर्च धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, तो आकडा तिथं असतो. हप्त्यांचा तक्ताही त्यालाच जोडलेला. त्यात न लिहिलेला आकार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस तो देकार उभा ठेवावा लागतो.

मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या मोबाईलवर काही आलं होतं का?"

"ती पीडीएफ? आली होती की. त्यांनी सांगितलं खाली जा, खाली जा, अजून खाली, तिथं ॲग्री करा आणि ओटीपी सांगा."

पीडीएफ उघडली. एपीआर: २३.०४ टक्के. स्वच्छ मराठीत, ठळक अक्षरात. काकांची सरासरी, पुतणीचं शास्त्र, पत्नीचं उणे आणि आईचा शेकडा, एवढं सैन्य लावून जो किल्ला आम्ही जिंकला, त्याचा दरवाजा उघडाच होता. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत म्हणतात, २०११ साली तिथं युको बँकेची शाखासुद्धा कुलपाविना उघडली. एपीआरही तसाच उघड्यावर पडलेला असतो, कुणी आत डोकावत नाही म्हणून सुरक्षित.

गावातल्या एकानं मध्येच सुचवलं, "आपल्या पतसंस्थेतून काढा, आपली माणसं आहेत." आमच्या जिल्ह्यात पतसंस्थांना तोटा नाही. पण पतसंस्था सहकार खात्याच्या कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेचं हे विवरणपत्र तिला लागू नाही. तिथं 'फ्लॅट की घटत्या शिलकीवर?' हे आपणच विचारायचं. आणि संचालक नात्यातला निघाला तर विचारायची सोय नाही, हे वेगळं.

शेवटी चौदा टक्केवाल्या बँकेत गेलोच. तिथल्या साहेबांनी प्रेमानं यादी दिली: सातबारा, आठ-अ, दोन जामीनदार, बाकी नसल्याचा दाखला, सहा महिन्यांचा खातेउतारा. "आठ-दहा दिवसांत होऊन जाईल." पाडवा परवावर होता. भाच्याचा चेहरा असा झाला की दाजींना बघवेना. सात हजार वाचवण्यासाठी पोराचा पाडवा घालवायचा, असं गणित कुठल्याच एक्सेलमध्ये बसत नाही, आणि हे त्या फायनान्सच्या पोराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. कर्ज अर्ध्या तासात मिळतं, याचीच ती किंमत असते.

मग आम्ही तहाला बसलो. मी तक्ता आणि विवरणपत्र टेबलावर पसरलं आणि म्हटलं, "एपीआर तेवीस आहे." पोरगा दचकला. हा शब्द त्यानं ग्राहकाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा. तो आत गेला, कुणाशी तरी बोलला, परत आला. दर हलणार नाही, पण ॲडव्हान्स हप्ता रद्द, आणि दोन हजारांचे एक हजार. नवीन विवरणपत्र आलं, एपीआर साडेवीसच्या किंचित वर. फ्लॅट दराला हात न लावता अडीच टक्के खाली आले होते. दाजींनी हे ऐकून विचारलं, "मग आता अकराचे साडेआठ झाले का?"

मी हो म्हटलं. किती म्हणून समजावायचं?

पाडव्याला माळीवाड्यात विशाल गणपतीसमोर गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं. गाडी निळी. त्यानंतर दाजी भेटेल त्याला 'अकरा टक्के फ्लॅट' असं सांगत फिरले, आणि फ्लॅट हा शब्द ते अशा थाटात उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, पुण्यात घर घेतलं.

माझी कीर्ती मात्र तालुक्यात पसरली. परवा दाजींच्या चुलतभावाचा फोन आला. "भाऊ, ट्रॅक्टर बघतोय. साडेसात फ्लॅट म्हणत्यात, हप्ता सहामाही. खरा दर किती पडंल?"

मी सरसावून बसलो. सहामाही हप्त्याला पावणेदोनची युक्ती डोळे मिटून लावायची नाही. पाच वर्षांत हप्ते दहाच, आणि RATE ला बारानं नाही, दोननं गुणायचं. हे सगळं त्याला समजावलं आणि म्हटलं, "ते राहू दे. तक्त्यातली पहिली ओळ वाचून दाखव, व्याजाचा आकडा सांग."

"कागद अजून दिलाच नाही," तो म्हणाला. "सह्या तेवढ्या घेतल्यात."